उडी कुठे हुकली, ते पत्रात लिहा

‘मला लहानपणापासून गेम खेळण्याची प्रचंड आवड आहे.’ गेम बनवणाऱ्या स्टुडिओकडे नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींचे जे अर्ज येतात, त्यांत हे वाक्य बहुधा पहिल्याच ओळीत भेटतं. ते खोटं नसतं. पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही, कारण ज्याला गेमची आवड नाही तो या नोकरीच्या वाटेला जातच नाही. पुढच्या ओळीत ‘अनेक गेम जॅममध्ये भाग घेतला’ असं असतं, आणि तिथे वाचणारा जरा सावरून बसतो. दुर्दैवाने बहुतेक अर्ज त्या एका ओळीनंतर तो विषय सोडून देतात आणि संघभावना, चिकाटी, शिकण्याची तयारी यांच्याकडे वळतात. खरं सांगण्यासारखं जे काही होतं, ते सुटून जातं.

हे पत्र नोकरीच्या अर्जासोबत जातं. बायोडेटा वेगळा असतोच. त्याला जोडून आपण कोण आणि याच जागेसाठी का, हे एका पानात सांगायचं असतं. इथे जागा आहे ज्युनिअर गेमप्ले प्रोग्रॅमरची. आपल्याकडे ती आता काही परग्रहावरची गोष्ट राहिलेली नाही. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात 2008 पासून आहे, आणि 2020 मध्ये आलेला ‘राजी’ हा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने केला. तरीही घरी विचारलं, ‘म्हणजे नक्की करणार काय?’ तर मुलांना उत्तर देताना घाम फुटतो. सोप्यात सांगायचं तर, खेळणाऱ्याने बटण दाबल्यापासून पडद्यावरच्या पात्राने काही करेपर्यंत जे घडतं, ते या माणसाचं काम. उडी किती उंच जाईल, कॅमेरा मागून कसा येईल, शत्रूला आपण कधी दिसू, दार कशाने उघडेल. चित्रं दुसरा काढतो, आवाज तिसरा देतो, पडद्यावर चित्र उमटवणारं इंजिन चौथ्याने लिहिलेलं असतं. गेम हातात ‘बसतो’ की नाही, हे मात्र बरंचसं याच्या कोडवर ठरतं.

आणि गेम जॅम म्हणजे ठरावीक, अगदी तुटपुंज्या वेळात दिलेल्या विषयावर आख्खा गेम तयार करण्याचा मेळावा. ‘लुडम डेअर’ 2002 पासून चालू आहे. त्यात एक गट एकट्याने 48 तासांत करणाऱ्यांचा असतो आणि त्यांना कोडही उघडा करावा लागतो. दुसरा गट 72 तासांचा, त्यात चमू चालतो. ‘ग्लोबल गेम जॅम’ 2009 पासून दर जानेवारीत जगभर भरतो, विषय सगळीकडे एकच. 2025 चा विषय होता ‘बुडबुडा’. ‘बाबा इज यू’ हा नावाजलेला कोड्यांचा गेम 2017 च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये जन्मला आणि 2019 मध्ये विक्रीला आला. हे उदाहरण मुलं पत्रात देतात. देऊ नये. ते वाचणाऱ्याला ठाऊक असतं, आणि दुसऱ्याच्या यशाने आपली बाजू काही बळकट होत नाही.

आता एक अर्ज हातात घेऊ. तो कुणा एकाचा नाही, अशा अर्जांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टींवरून नमुन्यादाखल जुळवलेला आहे. लिहिणारी मुलगी संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडली आहे. पत्र अर्थातच इंग्रजीत जातं, इथे मराठीत देतो. पहिल्या खर्ड्यातला महत्त्वाचा परिच्छेद असा:

‘मी ग्लोबल गेम जॅमसह विविध जॅममध्ये सहभागी होऊन अनेक गेम विकसित केले आहेत. मला युनिटी, अनरियल, सी-शार्प, सी प्लस प्लस, पायथन आणि जावा यांचं उत्तम ज्ञान आहे. कमी वेळात, दबावाखाली आणि संघात काम करण्याची मला सवय आहे.’

यात चूक अशी काही नाही. पण हा परिच्छेद त्या जॅमला आलेल्या कुणाच्याही पत्रात जसाच्या तसा चिकटवता येईल. वाचणाऱ्याच्या मनात मात्र लगेच प्रश्न उभे राहतात. गेम पूर्ण झाला का? चमूत किती जण होते आणि या मुलीचा वाटा कोणता? उडी तिने लिहिली, की इंटरनेटवरचा तयार कोड आणून बसवला? शेवटच्या रात्री काय बिघडलं? दोन इंजिनं आणि चार भाषा यांची ‘उत्तम’ जाण असलेला पदवीधर मी अजून पाहिलेला नाही. त्या यादीने उलट शंकाच वाढते.

तिने केलेला गेम प्रत्यक्षात चांगला होता, आणि त्याची गोष्ट तर त्याहून चांगली. चौघांचा चमू, विषय बुडबुडा. पात्र बुडबुड्यांवरून उड्या मारत वर चढतं आणि पाय टेकल्यावर 0.8 सेकंदात बुडबुडा फुटतो. दोघांनी चित्रं आणि आवाज केले, एकाने टप्पे रचले. पात्राची हालचाल, उडी, कॅमेरा आणि बुडबुड्याचं फुटणं हे सगळं या मुलीने लिहिलं. जॅम संपला, गेम ब्राउझरमध्ये खेळता येईल असा itch.io वर चढवला. आणि तक्रारी सुरू झाल्या: उडीचं बटण कधी कधी लागतच नाही.

तिच्या लॅपटॉपवरही ते व्हायचं, पण अधूनमधून. खोलीतली मैत्रीण म्हणाली, ‘अगं, तुझा कीबोर्ड गेलाय.’ तिलाही तसंच वाटलं होतं. मग एका मित्राच्या महागड्या गेमिंग लॅपटॉपवर तोच गेम चालवला, तर तिथे तो जवळपास खेळताच येईना. कीबोर्ड नवाकोरा, मशीन दुप्पट ताकदीचं, आणि उड्या मात्र आणखी कमी. वेगवान मशीनवर जास्त बिघडणारी चूक दिसली, की जाणता प्रोग्रॅमर लगेच घड्याळाकडे वळतो.

युनिटी इंजिनात दोन घड्याळं चालतात. एक पडद्याचं. साधा लॅपटॉप सेकंदाला 60 वेळा चित्र काढतो, गेमिंगचा पडदा 144 वेळा. प्रत्येक चित्रागणिक `Update` नावाचा भाग एकदा चालतो. दुसरं घड्याळ पडणं, आपटणं, धडकणं या भौतिकाच्या हिशेबाचं. ते पडद्याच्या वेगाशी बांधलेलं नसतं. मुद्दाम काही बदललं नाही तर दर 0.02 सेकंदाला, म्हणजे सेकंदाला 50 वेळा चालतं. त्याचा भाग `FixedUpdate`. उडी हे भौतिकाचं काम म्हणून या मुलीने उडीचा सगळा कोड, बटण तपासण्यासकट, `FixedUpdate` मध्ये लिहिला. शिकाऊ प्रोग्रॅमरने असं करणं अगदी स्वाभाविक आहे.

गोम अशी की, युनिटीच्या जुन्या आणि अजूनही सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ‘बटण आत्ता दाबलं’ ही बातमी फक्त एका चित्रापुरती जिवंत असते. पुढचं चित्र आलं की ती शिळी. त्या नेमक्या चित्राच्या वेळी भौतिकाचं घड्याळ चाललंच नाही, तर बातमी ऐकायला कुणी नसतं. 60 चित्रांच्या पडद्यावर 50 चित्रांना भौतिक भेटतं, 10 कोरडी जातात, म्हणजे सहांतली एक उडी वाया. 144 च्या पडद्यावर 94 चित्रं कोरडी जातात, म्हणजे तीनांतल्या जवळपास दोन उड्या गेल्या. मुलीने हे तपासलं ते साध्या मोजणीने: जमिनीवर स्थिर उभं राहून दर थोड्या वेळाने एकदा, असं वीस वेळा बटण दाबायचं आणि झालेल्या उड्या मोजायच्या. तिच्या लॅपटॉपवर सतरा झाल्या, मित्राच्या मशीनवर सात. हिशेब जुळला, कीबोर्ड निर्दोष सुटला.

उपाय चार-सहा ओळींचा. बटण `Update` मध्ये ऐकायचं, थोडा वेळ लक्षात ठेवायचं, आणि उडी `FixedUpdate` मध्ये मारायची.

```csharp
void Update() {
    jumpBuffer -= Time.deltaTime;
    if (Input.GetButtonDown("Jump"))
        jumpBuffer = 0.1f;
}

void FixedUpdate() {
    if (jumpBuffer > 0f && grounded) {
        Jump();
        jumpBuffer = 0f;
    }
}
```

बटण दाबलं की 0.1 सेकंदाची मुदत सुरू होते. तेवढ्यात भौतिकाचं घड्याळ पाच वेळा तरी यायला हवं, म्हणून बातमी सहसा हरवत नाही. उडी झाली की मुदत शून्यावर आणायची, नाहीतर एका दाबण्यात दोन उड्या होतील. यात एक फायदा आयताच पदरात पडतो. खेळणारा अधीर असतो. पाय बुडबुड्याला टेकण्याच्या किंचित आधीच तो बटण दाबून मोकळा होतो. पूर्वी ते दाबणं फुकट जायचं. आता मुदत संपण्याआधी पाय टेकले, की उडी होते.

दुसरी तक्रार वेगळी होती: ‘मी वेळेत दाबलं होतं, तरी पडलो.’ इथे कोडात चूक नव्हती. बुडबुडा 0.8 सेकंदांनी फुटत होता आणि फुटल्यावर पायाखाली काही नव्हतं; नियमाप्रमाणे सगळं बरोबर. पण माणसाचा डोळा आणि बोट यांच्यात उशीर असतो. फुटताना दिसलं म्हणून दाबायला जावं, तोवर बुडबुडा गेलेला. अशा वेळी खेळणारा स्वतःला दोष देत नाही, गेमला देतो. म्हणून पायाखालची जमीन सुटल्यावरही क्षणभर उडीची मुभा ठेवायची, असा या धंद्यातला जुना रिवाज आहे. इंग्रजीत त्याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. कड्याच्या पुढे धावत जाऊन हवेत क्षणभर तरंगणाऱ्या कार्टूनमधल्या कायोटीवरून. ‘सेलेस्ट’ या गेमच्या कर्त्यांनी त्यांच्या पात्राचा कोड सगळ्यांना वाचायला खुला केला आहे; त्यात ही मुदत 0.1 सेकंद आहे. या मुलीनेही बुडबुडा फुटल्यानंतर तेवढीच मुदत दिली. आधी 0.2 देऊन पाहिली होती, पण तेव्हा पात्र उघड उघड हवेत उभं राहून उडी मारताना दिसायचं आणि बुडबुड्याची धास्तीच निघून जायची.

हे सगळं पहिल्या खर्ड्यात कुठेही नव्हतं. तिला ते लाजिरवाणं वाटलं असावं. नोकरी मागताना आपला गेम बिघडला होता, हे कोण सांगेल? पण गेमप्ले प्रोग्रॅमरचा बराचसा दिवस अशाच तक्रारी सोडवण्यात जातो: कुणीतरी म्हणतं ‘काहीतरी बरोबर वाटत नाही’, आणि त्या ‘काहीतरी’चा माग काढायचा असतो. तो माग या मुलीने एकदा काढून दाखवला आहे. दुसऱ्या खर्ड्यातला परिच्छेद असा झाला:

‘ग्लोबल गेम जॅम 2025 मध्ये आम्ही चौघांनी बुडबुड्यांवरून वर चढण्याचा गेम केला. पात्राची हालचाल, उडी, कॅमेरा आणि बुडबुडे फुटण्याचा कोड माझा. जॅमनंतर 144 हर्ट्झच्या पडद्यावर उडीची बहुतेक बटणं हुकताना दिसली, कारण मी बटण FixedUpdate मध्ये तपासत होते. तपासणी Update मध्ये नेऊन बटण 0.1 सेकंद लक्षात ठेवलं. बुडबुडा फुटल्यावरही उडीला 0.1 सेकंदाची मुभा दिली. 0.2 देऊन पाहिली, पण त्यात गेमची धास्ती गेली. जॅममधली आणि दुरुस्त केलेली, दोन्ही आवृत्त्या खालच्या दुव्यावर खेळता येतील.’

‘संघात काम केलं’ असं यात कुठेही म्हटलेलं नाही, तरी चौघांतला वाटा स्पष्ट आहे. ‘शिकण्याची तयारी’ हे शब्द नाहीत, पण 0.2 वरून 0.1 वर येणं त्यात आहे, आणि मला विचाराल तर परिच्छेदातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच. तांत्रिक चूक पुस्तक वाचून सुधारता येते. एखादी मुभा गेमला बरी की वाईट, हे मात्र स्वतः खेळून आणि दुसऱ्याला खेळवून पाहिल्याशिवाय समजत नाही.

असं पत्र साधारणपणे दोघांच्या हाताखालून जातं, हे लक्षात ठेवायला हवं. आधी मनुष्यबळ विभागातली व्यक्ती. तिला `FixedUpdate` शी देणंघेणं नसतं, ती जागेचं नाव, इंजिन, भाषा आणि रुजू होण्याची तारीख शोधते. ते सगळं पहिल्या दोन ओळींत सरळ द्यावं. नंतर एखादा अनुभवी प्रोग्रॅमर, जो आपलं काम थांबवून पाच मिनिटं काढतो. दुवा त्याच्यासाठी. उतरवून घ्यायची भलीमोठी फाइल दिली तर ती बहुतेक उघडलीच जात नाही. ब्राउझरमध्ये लगेच चालणारा गेम निदान एकदा तरी खेळला जातो. कोडाचा दुवा दिला असेल तर तो आख्ख्या भांडारावर नको, उडीच्या त्या एका फाइलवर असावा. आणि चित्रं किंवा आवाज कुठून फुकट घेतले असतील, तर गेमच्या पानावर तशी नोंद हवी. उसन्या गोष्टी वापरण्यात काही गैर नाही. ते लपवणं मात्र अंगाशी येतं.

क्रमांकाचा मोह फार मुलांना असतो. ‘आमचा गेम पहिल्या शंभरांत आला.’ बऱ्याच जॅममध्ये गुण सहभागी लोकच एकमेकांना देतात आणि चित्रं, संगीत, विनोद यांचेही गुण वेगवेगळे असतात. चमूतल्या चित्रकाराच्या जिवावर आलेला क्रमांक प्रोग्रॅमरने मिरवला, तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला पंचाईत होते. लुडम डेअरच्या एकट्याने करायच्या गटात उतरला असाल, तर ते जरूर लिहा. तिथे गेम तुम्ही एकट्यानेच केला आहे, हे नियमानेच ठरलेलं असतं.

जॅममधून जे दिसत नाही, तेही पत्रात एका वाक्यात येऊ द्यावं. दोन दिवसांत लिहिलेला कोड तिसऱ्या दिवशी कुणी वाचणार नसतो. त्यात सगळं एकाच फाइलीत कोंबलेलं असतं, आणि ते त्या वेळी योग्यही असतं. नोकरीत मात्र दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेल्या कोडात हात घालायचा असतो, आणि आपली एक ओळ बदलली की तिसऱ्याच्या टप्प्यातलं दार उघडेनासं होतं. जॅमची संख्या वाढवून ही उणीव भरत नाही. आठ जॅम केलेल्या मुलापेक्षा दोन जॅम करून त्यातला एक गेम पुढे महिनाभर नीट लावत बसलेली मुलगी मला जास्त उपयोगाची वाटते. काही जण या मताशी सहमत नसतील. झपाट्याने नवनवे नमुने करून पाहणाऱ्या छोट्या स्टुडिओला आठ जॅमवालाच हवा असेल.

भाषेचंही तसंच. जाहिरातीत सी प्लस प्लस आणि अनरियल मागितलं असेल आणि जॅम सगळे युनिटीत, सी-शार्पमध्ये झाले असतील, तर तसं स्पष्ट लिहावं. सोबत सी प्लस प्लसमध्ये केलेलं काहीतरी लहानसं द्यावं, मग ती तीच बुडबुड्यावरची उडी अनरियलमध्ये पुन्हा केलेली का असेना. दोन इंजिनांत एकच गोष्ट केली, की कुठे काय वेगळं आहे हे तिला तिच्या शब्दांत सांगता येईल. ‘सी प्लस प्लसचं उत्तम ज्ञान’ लिहून मुलाखतीत पॉइंटरवर अडखळण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

उरला शेवटचा परिच्छेद, स्टुडिओबद्दलचा. तिथे ‘आपल्या नामांकित संस्थेत’ वगैरे गुळगुळीत वाक्यं घालण्याऐवजी त्यांचा एखादा गेम घ्यावा आणि त्यातल्या हालचालीबद्दल आपल्याला जाणवलेली एक गोष्ट लिहावी. अमुक गेममध्ये धावता धावता वळलं की पात्र किंचित घसरतं, ते मला आवडलं, कारण त्यामुळे अरुंद पुलावर वेग कमी करावा लागतो. बस, एवढंच. ज्याने ती घसरण लिहिली, तोच कदाचित पत्र वाचत असेल. मात्र गेम खरोखर खेळलेला असावा.

असं पत्र पाठवलं की मुलाखतीत याच उडीवर प्रश्न येणार, हे धरून चालावं. मी असतो तर विचारलं असतं: जुना कोड सेकंदाला 30 चित्रं काढणाऱ्या जुनाट मशीनवर चालवला असता, तर काय झालं असतं? तिथे बरेचदा एका चित्रात भौतिकाचं घड्याळ दोनदा चालतं, म्हणजे एकाच दाबण्याची बातमी दोनदा ऐकू येते, आणि जमिनीची तपासणी ढिली असेल तर उडी भलतीच उंच जाते. हे तोंडपाठ करून येऊ नका. युनिटीत व्हीसिंक बंद करून `Application.targetFrameRate = 30` ठेवा, गेम चालवा आणि काय होतं ते पाहा. मग अर्ज पाठवा.